बोल्ट तुटल्याचा रिपोर्ट: पुरावा, कारण आणि उपाय एकाच वाक्यात अडकलेत, कसे सोडवू?

मीनल_क्यूए (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी चाकणकडच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. ग्राहकाला जाणारे रिपोर्ट इंग्रजीत असतात, पण आतले फेल्युअर रिपोर्ट आम्ही मराठीत लिहितो, कारण ते लाइनवरचे सुपरवायझर आणि मेंटेनन्सची माणसं वाचतात. मेंटेनन्सने लिहिलेला एक रिपोर्ट साहेबांनी माझ्याकडे दिलाय. "तांत्रिक सगळं बरोबर आहे, फक्त भाषा नीट कर आणि पुरावा, कारण, उपाय वेगळे दिसू देत," असं म्हणाले.

घटना अशी. मशीनिंग फिक्स्चरला एम १२ चे, १२.९ ग्रेडचे, झिंक प्लेटिंग केलेले सोळा अ‍ॅलन बोल्ट लावले होते. त्यातल्या पाचांची डोकी तुटून खाली पडलेली सापडली. रिपोर्टचा मुख्य परिच्छेद जसाच्या तसा देते:

> "फिक्स्चरचे बोल्ट प्लेटिंगवाल्याने बेकिंग न केल्यामुळे हायड्रोजन शिरून ठिसूळ झाले व तुटले असे एसईएम तपासणीत आढळून आले असून सर्व तुटलेल्या बोल्टमध्ये हाच दोष दिसून येतो, त्यामुळे उर्वरित माल २४ तास बेक करून वापरण्यात यावा व यापुढे बेकिंग सर्टिफिकेट घेणे बंधनकारक करावे."

बेकिंग म्हणजे प्लेटिंगनंतर माल भट्टीत तापवून आत शिरलेला हायड्रोजन काढणं. मी तीन मथळे केले आणि हे वाक्य तोडून खाली टाकलं. आता पुराव्याखाली "बेकिंग झाले नसल्याचे आढळले", कारणाखाली "बेकिंग न होणे" आणि उपायाखाली "बेकिंग करणे" असं आलंय. तीनही ठिकाणी एकच गोष्ट. मथळे वेगळे झाले, मजकूर नाही झाला. कुठे चुकतंय माझं?

---

फिटर_दत्ता (शनिवार, रात्री १०:१५)

ताई, टॉर्क किती दिला होता ते आधी बघा. आमच्याकडे नवीन पोरं पाइप लावून ओढतात आणि डोकी उडतात. टॉर्क रेंच द्या, थ्रेडला तेल नका लावू, आणि बोल्ट चांगल्या कंपनीचे घ्या. तुटणार नाहीत.

---

मीनल_क्यूए (शनिवार, रात्री १०:२२)

दत्तादादा, टॉर्क रेंचनेच आवळले होते, १२० न्यूटन-मीटर. पण माझा प्रश्न बोल्ट का तुटले हा नाही, ते कसं लिहायचं हा आहे.

---

वाळूज_८डी (शनिवार, रात्री १०:५०)

यावर सरळ उपाय आहे. तीन रकाने करा. डावीकडे पुरावा, मधे कारण, उजवीकडे उपाय. प्रत्येक ओळ आडवी वाचता आली पाहिजे. आम्ही ग्राहकाला पाठवायचा ८डी रिपोर्ट असंच भरतो. रकान्यात पूर्ण वाक्य लिहायचं नाही, मुद्दाच लिहायचा. फॉरमॅट घट्ट असला की माणूस भरकटत नाही.

---

धातू_नाना (रविवार, सकाळी ७:०५)

मीनलताई, मी तीस वर्षं मेटलर्जी लॅबमध्ये काढली, आता कोल्हापुरात निवांत आहे. तुमचा परिच्छेद तीनदा वाचला. अडचण मथळ्यांची नाही. या परिच्छेदात पुरावा जवळजवळ नाहीच, म्हणून तुम्ही तो वेगळा काढायला गेलात तर हाताला कारणच लागतं.

"एसईएम तपासणीत आढळून आले" याच्या आधी जे जे लिहिलंय ते एसईएममध्ये दिसू शकत नाही. एसईएम म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, त्यात तुटलेला पृष्ठभाग दिसतो. तडा धातूच्या कणांच्या म्हणजे ग्रेनच्या सीमांवरून गेला की ग्रेन फोडून गेला, हे दिसतं. हायड्रोजन दिसत नाही. प्लेटिंगवाल्याने भट्टी लावली की नाही, हे तर मुळीच दिसत नाही. लॅबचा मूळ रिपोर्ट तुमच्याकडे असेल. त्यात नेमके शब्द काय आहेत ते इथे टाका. आणि दोन प्रश्न. बोल्ट कधी आवळले आणि कधी तुटलेले दिसले? त्या मधल्या वेळात मशीन चालू होतं का?

---

मीनल_क्यूए (रविवार, सकाळी ९:३०)

नाना, लॅबचा रिपोर्ट मोबाइलमध्ये आहे, त्यातलंच लिहिते. दोन बोल्ट तपासले. डोक्याच्या खाली जिथे गोलाई असते तिथून तडा सुरू झाला. सुरुवातीच्या भागात तडा ग्रेनच्या सीमांवरून गेलेला, बाकीच्या भागात लवचीक तुटीच्या खळग्या. सुरुवातीच्या जागी काळी ऑक्साइडची पापडी नाही, झिंकही नाही. गाभ्याचा कडकपणा ४३ एचआरसी. शेवटी "निरीक्षणे हायड्रोजनमुळे आलेल्या ठिसूळपणाशी सुसंगत" एवढंच आहे. बेकिंगचा शब्दही नाही.

बोल्ट शनिवारी संध्याकाळी सहाला आवळले. रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी पहिल्या शिफ्टला पाच डोकी जमिनीवर होती. मधे मशीन बंद होतं. हे आमच्या रिपोर्टमध्ये कुठेच नाही, मला मेंटेनन्सच्या मुलाने तोंडी सांगितलं.

---

धातू_नाना (रविवार, सकाळी ११:२०)

ताई, तुमच्या प्रकरणातला सगळ्यात वजनदार पुरावा तुम्ही आत्ता शेवटच्या तीन ओळींत दिलात आणि तोच रिपोर्टमध्ये नाही.

बघा. मशीन बंद होतं, म्हणजे भार वरखाली झाला नाही, म्हणजे फटीगचा प्रश्न उरत नाही. आवळताना तुटले नाहीत, नंतर काही तासांनी तुटले, म्हणजे दत्ताभाऊ म्हणतात तसा नुसता जादा टॉर्कही नाही. जादा टॉर्कने तुटायचं असतं तर हातातच तुटलं असतं. स्थिर ताणाखाली उशिराने तुटणं, हे हायड्रोजनच्या ठिसूळपणाचं ठळक लक्षण आहे. कडकपणा ४३ म्हणजे १२.९ ग्रेडला ३९ ते ४४ च्या मर्यादेत आहे, पण हाच कडकपणा हायड्रोजनला हळवा असतो. सुरुवातीच्या जागी काळी पापडी असती तर तडा हीट ट्रीटमेंटमध्येच पडला असं म्हणता आलं असतं. तड्यात झिंक असतं तर तडा प्लेटिंगच्या आधीचा ठरला असता. दोन्ही नाही. "नाही" हेही निरीक्षण आहे आणि ते लिहायचं असतं, कारण त्याने दुसरी कारणं बाजूला होतात.

लॅबने "सुसंगत" असा शब्द वापरलाय तो जपून वापरलाय. तुमच्या रिपोर्टमध्ये येईपर्यंत त्याचं "आढळून आले" झालं. ग्रेनच्या सीमांवरून जाणारा तडा इतर कारणांनीही येतो. हायड्रोजन मोजून दाखवा म्हणाल तर तेही सोपं नाही. त्रास देणारा हायड्रोजन साध्या तापमानालाही हळूहळू निघून जातो, तुटून आठवडा झालेल्या तुकड्यात मोजून काही हाती लागेल याची खात्री नसते. म्हणून हे कारण एका फोटोवर कधीच उभं राहत नाही. चार-पाच निरीक्षणं एका दिशेला बोट दाखवतात तेव्हा ते उभं राहतं. ती निरीक्षणं वेगवेगळी दिसली नाहीत, तर वाचणाऱ्याला वजन कळणार कसं?

---

भाषा_सुधारक (रविवार, दुपारी १:१०)

मी धातूतला नाही. सरकारी आणि तांत्रिक मजकूर संपादित करतो. पण हा परिच्छेद पाहून राहवलं नाही, कारण इथे आपली मराठीच गुन्ह्यात सामील आहे.

"बेकिंग न केल्यामुळे तुटलेले बोल्ट" असं लिहिलं की बेकिंग केलं नाही हा दावा विशेषणात शिरतो. वाचणारा बोल्टकडे बघतो, दावा मागच्या दाराने आत येतो. "-मुळे", "-ने", "असून", "-ऊन" या सगळ्या जागा तपासा. प्रत्येक "असून"पाशी वाक्य तोडा. तोडल्यावर जो तुकडा एकटा उभा राहील, त्याला विचारा: हे कोणी, कुठे, कधी पाहिलं? "बेकिंग झाले नाही." कोणी पाहिलं? उत्तर नसेल तर ते पुराव्यात बसत नाही.

दुसरं, "आढळून आले" आणि "दिसून येते" हे शब्द आपण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीलाही लावतो आणि डोक्याने काढलेल्या अनुमानालाही. मी अशा मजकुरात हे दोन्ही शब्द सरसकट काढतो. पाहिलं असेल तिथे "दिसले, मोजले, नोंदीत आहे". अनुमान असेल तिथे "यावरून असे वाटते" किंवा "याचा अर्थ". कर्ता लपला की पुरावा आणि मत यांच्यातली भिंत पडते.

---

वाळूज_८डी (रविवार, दुपारी ३:००)

मान्य, पण हेच मी रकाने करा म्हणून सांगितलं होतं ना.

---

मीनल_क्यूए (रविवार, दुपारी ३:२५)

रकाने मी काल रात्रीच करून पाहिले, दादा. आडवी ओळ भरायची म्हटल्यावर प्रत्येक पुराव्यासमोर एक कारण आणि एक उपाय हवाच असं वाटायला लागलं. "मशीन बंद होते" याच्यासमोर कोणता उपाय लिहू? मग मी तो पुरावाच गाळला. आता नानांचं वाचून कळतंय की सगळ्यात महत्त्वाचा तोच होता.

---

वाळूज_८डी (रविवार, दुपारी ४:०५)

हं. हे खरं आहे. आमच्याकडे बहुधा याच कारणाने ज्या निरीक्षणाला उपाय नाही ते वगळलं जातं. रकाने राहू देत, पण आडव्या ओळीचा आग्रह सोडतो.

---

पेपरमिल_मेंटेनन्स (रविवार, रात्री ८:३०)

आमच्या पंपाचा शाफ्ट गेल्या वर्षी तुटला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं "बेअरिंग जॅम झाल्यामुळे शाफ्ट तुटला". नवीन बेअरिंग घातलं, वेगळी ग्रीस चालू केली. चार महिन्यांनी तिथेच पुन्हा तुटला. नंतर पाहिलं तर की-वेच्या कोपऱ्यातून तडा हळूहळू पुढे गेल्याच्या रेषा होत्या, म्हणजे शाफ्ट आधीपासून चिरत होता. तो तुटल्यावर वाकडा झाला आणि मग बेअरिंग जॅम झालं. जॅम झालेलं बेअरिंग हे आम्ही खरंच पाहिलेलं होतं. आधी काय आणि नंतर काय, हे पाहिलेलं नव्हतं. "मुळे" या एका शब्दाने क्रम ठरवून टाकला.

---

धातू_नाना (रविवार, रात्री ९:००)

अगदी बरोबर उदाहरण. दोन तथ्यं खरी, मधला सांधा खोटा.

---

भोसरी_प्लेटिंग (सोमवार, सकाळी १०:४५)

मी प्लेटिंगच्या धंद्यात आहे. तुमचा पुरवठादार मी नाही, पण असे रिपोर्ट मला येतात म्हणून लिहितो. "प्लेटिंगवाल्याने बेकिंग न केल्यामुळे" हे वाचून अंगावर काटा येतो. असा कागद आला की आधी पेमेंट थांबतं, मग चौकशी होते.

मला एवढंच विचारायचंय. तुमच्या ऑर्डरवर बेकिंग लिहिलं होतं का? बोल्ट १२.९ चे आहेत हे प्लेटिंगवाल्याला माहीत होतं का? आमच्याकडे बॅरलमध्ये माल येतो, चलनावर "बोल्ट, ८ मायक्रॉन झिंक" एवढंच असतं. डोक्यावरचा ग्रेड कोणी बघेलच असं नाही. बेकिंग लागतं हे कळलं तर आम्ही करतो, प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भट्टीत, १९० ते २२० अंशांना. आणि भट्टीचा चार्ट असतो. तुमच्या रिपोर्टवाल्याने तो मागितला का?

---

मीनल_क्यूए (सोमवार, दुपारी १:३०)

आपण म्हणालात म्हणून आज सकाळी फोन करून चार्ट मागवला. चार्ट आला. बेकिंग झालंय. २०० अंशांना चार तास. पण बॅरलच्या नोंदीवरची वेळ आणि भट्टीच्या चार्टवरची सुरुवात यांत अकरा तासांचं अंतर आहे. संध्याकाळी प्लेटिंग झालं, सकाळी भट्टीत गेलं. आमच्या ऑर्डरवर बेकिंगचा उल्लेख नाही, ग्रेडचाही नाही.

म्हणजे "बेकिंग न केल्यामुळे" हे वाक्य, ज्यावर अख्खा रिपोर्ट उभा होता, ते सरळ चूक होतं. साहेब म्हणाले होते तांत्रिक सगळं बरोबर आहे.

---

धातू_नाना (सोमवार, दुपारी २:१५)

ताई, हे कारण जिथून आलं ती जागा ओळखून ठेवा. लिहिणाऱ्याला उपाय आधी सुचला: बेकिंग करा. मग त्याने तोच उपाय उलटा करून कारण लिहिलं: बेकिंग केलं नाही. "न केल्यामुळे", "नसल्यामुळे", "अभावी" अशी कारणं दिसली की मी लाल पेन्सिलने गोल करायचो. ग्रीस न लावल्यामुळे, ट्रेनिंग नसल्यामुळे, लक्ष न दिल्यामुळे. शंभरातली बरीचशी उपायाची उलटी बाजू असतात. एखादी खरी असतेही, पण मग तिचा स्वतंत्र पुरावा मागायचा. तुमच्या बाबतीत तो मागितल्यावर कळलं की बेकिंग झालं, पण उशिरा आणि कमी वेळ. या कडकपणाच्या मालाला चार तास मी पुरेसे धरणार नाही. आठ ते चोवीस तास ठेवतात.

आता एक तातडीचं. तुमच्या परिच्छेदाच्या शेवटी "उर्वरित माल २४ तास बेक करून वापरण्यात यावा" असं आहे. ते आधी थांबवा. उशिरा बेक केल्याने आत अडकलेला हायड्रोजन निघेल, पण पडलेला तडा बुजत नाही. जे बोल्ट एकदा आवळले गेलेत, त्यांच्यात तडा सुरू झालेला असू शकतो. उरलेले अकरा फिक्स्चरवर आहेत ना? ते काढून भंगारात टाका. हा धोका कोणाच्या लक्षात आला नाही, कारण तो उपाय कारणाच्या वाक्याच्या शेपटीला "त्यामुळे" लावून चिकटवला होता. कारण पटलं की शेपूटही पटतं.

---

मीनल_क्यूए (सोमवार, दुपारी २:४०)

अकरा बोल्ट काढायला सांगितलेत, साहेबांना फोन करून आत्ताच. दुसऱ्या फिक्स्चरवरही त्याच लॉटचे निघाले, तेही काढतायत. त्यातल्या एकाचं डोकं पाना लावताक्षणी हातात आलं.

---

धातू_नाना (सोमवार, दुपारी २:५०)

तो बोल्ट कोरड्या पिशवीत ठेवा, दोन्ही तुकडे एकमेकांवर बसवून बघू नका, पृष्ठभाग घासला जातो. आणि स्टोअरमध्ये त्याच लॉटचे न वापरलेले बोल्ट असतील तर एक चाचणी करा. आठ बोल्ट जाड प्लेटमध्ये नेहमीच्या टॉर्कने आवळून नुसते ठेवा आणि तासांची नोंद करा. सोबत त्याच हीट ट्रीटमेंट लॉटचे प्लेटिंग न केलेले आठ ठेवता आले तर उत्तम. प्लेटवर आडोसा ठेवा, डोकं उडू शकतं.

---

मीनल_क्यूए (सतरा दिवसांनी, गुरुवार, रात्री ९:१५)

धागा वर आणतेय. पुरवठादाराकडे त्याच हीट ट्रीटमेंट लॉटचे काळे, म्हणजे झिंक प्लेटिंग न केलेले बोल्ट होते. चाचणी झाली. झिंकच्या आठांपैकी तीन ४८ तासांत तुटले. काळे आठही २०० तासांनंतर शाबूत.

मी रिपोर्ट असा लिहिलाय. भाषा_सुधारकांनी सांगितल्याप्रमाणे "आढळून आले" एकदाही नाही. पुराव्याला क्रमांक दिलेत आणि कारणात ते क्रमांक दाखवलेत. उपायात फक्त कारणाचे क्रमांक आहेत, पुराव्याचे नाहीत.

> काय पाहिले
> पु-१. शनिवारी सायंकाळी ६ वाजता १६ बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळले. सोमवारी सकाळी ५ डोकी खाली होती. मधल्या काळात मशीन बंद होते.
> पु-२. पाचपैकी २ बोल्ट लॅबमध्ये तपासले. तडा डोक्याखालच्या गोलाईतून सुरू. सुरुवातीला ग्रेनच्या सीमांवरून. तेथे ऑक्साइड नाही, झिंक नाही. इतर ३ तपासलेले नाहीत.
> पु-३. कडकपणा ४३ एचआरसी, मर्यादेत.
> पु-४. प्लेटिंगनंतर ११ तासांनी भट्टीत. २०० अंश, ४ तास. नोंद: बॅरल कार्ड आणि भट्टीचा चार्ट.
> पु-५. स्थिर भार चाचणी: झिंकचे ८ पैकी ३ बोल्ट ४८ तासांत तुटले; काळे ८ पैकी ० (२०० तास).
> पु-६. खरेदी ऑर्डरवर ग्रेड व बेकिंगचा उल्लेख नाही. ड्रॉइंगवर बोल्ट "काळा" आहे. गंजाच्या तक्रारीनंतर स्टोअरने झिंकचा मागवला.
>
> त्यावरून काय समजते
> का-१. बोल्ट हायड्रोजनमुळे ठिसूळ होऊन तुटले (पु-१, २, ३, ५). खात्री: जास्त.
> का-२. बेकिंग उशिरा व कमी वेळ झाल्याने हायड्रोजन आत राहिला (पु-४). खात्री: मध्यम, वेळेवर बेक केलेला लॉट तपासलेला नाही.
> का-३. ड्रॉइंगबाहेरचा बोल्ट तपासणीशिवाय वापरात आला (पु-६). खात्री: जास्त.
>
> काय करायचे
> उ-१. त्या लॉटचे सर्व बोल्ट काढून नष्ट केले (का-१). झाले.
> उ-२. या फिक्स्चरवर पुन्हा काळा बोल्ट (का-१, का-३).
> उ-३. ड्रॉइंगमधील फिनिश बदलायचा असल्यास डिझाइनची सही (का-३).

लिहिताना एक गंमत नाही, धक्काच बसला. जुन्या रिपोर्टचा एकमेव मोठा उपाय होता बेकिंग सर्टिफिकेट. नव्यात तो आलाच नाही. फिक्स्चर शेडच्या आत, कूलंटच्या तेलकट वातावरणात असतं. त्याला झिंक लागतच नव्हतं. पु-६ हा पुरावा मला बेकिंगचा चार्ट शोधताना ऑर्डरच्या फायलीत सापडला. कोणी तो शोधत नव्हतं, कारण जुन्या कारणाला त्याची गरज नव्हती.

---

भोसरी_प्लेटिंग (गुरुवार, रात्री ९:५०)

मॅडम, हा कागद मला आला असता तर मी चुकलो तिथे सही केली असती. अकरा तास ही चूकच आहे, ऑर्डरवर असो वा नसो. आणि ज्यांना झिंक लागतंच, त्यांनी एवढ्या कडक बोल्टला झिंक फ्लेकचा लेप बघावा. त्यात विजेचं प्लेटिंग नाही, त्यामुळे प्लेटिंगचा हायड्रोजन नाही. पण आधी अ‍ॅसिडने धुतलं तर तिथून शिरू शकतो, तेव्हा शॉट ब्लास्ट करून घ्या.

---

धातू_नाना (शुक्रवार, सकाळी ६:५०)

चांगलं झालंय. "इतर ३ तपासलेले नाहीत" हे लिहिलंत, ते फार आवडलं. "सर्व तुटलेल्या बोल्टमध्ये" असं जुन्यात होतं, दोन पाहून.

एक शंका आहे आणि ती माझ्याकडे सुटत नाही. पु-५ मधले काळे बोल्ट. काळं करण्याआधीही कधी कधी अ‍ॅसिडमध्ये बुडवतात. तुमच्या काळ्या लॉटला पिकलिंग झालं होतं का? झालं असेल आणि तरी ते तुटले नसतील, तर हायड्रोजन मुख्यतः प्लेटिंगच्या टाकीतून आला असं म्हणता येईल. झालं नसेल, तर पिकलिंगचा की प्लेटिंगचा, हे या चाचणीतून कळत नाही. का-१ ला धक्का लागत नाही, पण का-२ मध्ये "खात्री: मध्यम" लिहिलंय ते मी "कमी ते मध्यम" करीन.

---

वाळूज_८डी (शुक्रवार, सकाळी ९:३०)

मला खात्रीच्या पातळीचीच अडचण वाटते. आतल्या रिपोर्टला ठीक. ग्राहकाला ८डी पाठवताना "खात्री: मध्यम" लिहिलं तर ते परत येतं. त्यांना एक मूळ कारण हवं असतं, पूर्ण खात्रीचं, आणि तारीख घातलेला उपाय. मी स्वतः असे दोन रिपोर्ट परत आलेले पाहिलेत. मग लिहिणारा काय करतो? मध्यमचं जास्त करतो.

---

भाषा_सुधारक (शुक्रवार, सकाळी १०:१५)

मग "खात्री" हा शब्द काढा, वाक्य ठेवा. "वेळेवर बेक केलेला लॉट तपासलेला नाही" हे तथ्य आहे, ते कोणी परत पाठवू नये. पातळीचा शिक्का मारला की चर्चा शिक्क्यावर होते.

---

वाळूज_८डी (शुक्रवार, सकाळी १०:४०)

तरीही परत पाठवतील असं माझं मत आहे. पण करून बघायला हवं.

---

फिटर_दत्ता (शुक्रवार, दुपारी १२:३०)

ताई, एक विचारू का? काळे बोल्ट लावले की पुन्हा गंज धरणार, आणि सहा महिन्यांनी स्टोअरवाला पुन्हा झिंकचे आणणार. डिझाइनची सही म्हणताय, पण रात्रपाळीला बोल्ट कमी पडला तर मी कुठून सही आणू? स्टोअरमध्ये जो डबा असेल तोच मी लावणार.

---

मीनल_क्यूए (शुक्रवार, दुपारी १:०५)

दादा, हे मी लिहिलंच नव्हतं आणि तुम्ही बरोबर बोललात. उ-३ कागदावर चालेल, रात्रपाळीत नाही. झिंकचे १२.९ स्टोअरच्या यादीतूनच काढता आले तर तुमच्या हातात तो डबा येणारच नाही. गंजाच्या तक्रारीचं काय करायचं ते अजून माहीत नाही. ती खरी तक्रार होती, तिच्यासाठी वेगळा पुरावा गोळा करावा लागेल. नाना, पिकलिंगचं पुरवठादाराला विचारलंय, सोमवारी सांगतो म्हणाला. तोवर का-२ मधली खात्री काढून तिथे तुमचा प्रश्नच "अनुत्तरित" म्हणून लिहून ठेवते, आणि रिपोर्ट उघडा ठेवते.